तुम्ही विचारलंत म्हणून: एकतीस मार्चचे तीन चेक

“सर, आमची मुलगी सी.ए. इंटरचे दोन्ही ग्रुप पास झाली. आता आर्टिकलशिप. पहिल्या वर्षी ऑडिट फर्ममध्ये नेमकं करायला काय लावतात, आणि तिनं कोणती कौशल्यं शिकून घ्यावीत?”

वरवर पाहिले तर पहिल्या वर्षाचे काम साधे असते. महिन्याच्या ७ तारखेपर्यंत टी.डी.एस.चे चलन, ११ आणि २० तारखेच्या आत जी.एस.टी.ची विवरणपत्रे आणि त्यांच्यासाठी खरेदीच्या नोंदींची पोर्टलवरच्या नोंदींशी जुळवणी, यांत बराच वेळ जातो. उरलेल्या वेळात अशिलाच्या कार्यालयात बसून व्हाउचिंग करायचे असते. हिशेबातली नोंद आणि तिच्यामागचे बिल, पावती किंवा करार समोरासमोर ठेवून तारीख, रक्कम, नाव आणि खर्चाचे खाते बरोबर आहे का हे पाहणे म्हणजे व्हाउचिंग. आर्टिकलशिप २०२३ च्या जुलैपासून तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. त्यामुळे पहिले वर्ष म्हणजे आता निम्मे प्रशिक्षण झाले, आणि ते केवळ टिकमार्क करण्यात गेले तर फार नुकसान होते. हे नुकसान कशाचे, हे मी एका कामावरून सांगतो, कारण पहिल्या वर्षीच्या मुलांकडे हमखास सोपवले जाणारे आणि तरीही सर्वांत जास्त शिकवणारे असे ते काम आहे: बँकेची जुळवणी, ज्याला आम्ही बी.आर.एस. म्हणतो.

हिशेबाच्या वहीतली बँकेची शिल्लक आणि बँकेच्या खातेउताऱ्यातली शिल्लक ३१ मार्चला सहसा सारखी नसते. आपण दिलेले काही चेक अजून वटलेले नसतात, आपण भरलेले काही जमा व्हायचे असतात. त्यांची यादी करून दोन्ही आकड्यांतला फरक समजावून सांगणारा कागद म्हणजे बी.आर.एस. हा कागद बहुतेक वेळा अशिलाचा अकाउंटंटच तयार ठेवतो. त्यातली बेरीज-वजाबाकी बरोबर आहे हे पाहून मूल पुढच्या कामाला लागते. खरी तपासणी मात्र बेरीज जुळल्यानंतर सुरू होते, आणि ती एप्रिल, मे आणि जून महिन्यांच्या उताऱ्यात करायची असते.

शिरोली एम.आय.डी.सी.तल्या एका फाउंड्रीचे काम आमच्याकडे होते. आर्टिकलशिपला लागून जेमतेम सात महिने झालेली, कागलहून रोज एस.टी.ने येणारी एक विद्यार्थिनी तिथे बी.आर.एस. तपासत होती. फाउंड्रीचे कॅश क्रेडिट खाते होते, म्हणजे बँकेकडून उचल घेतलेली होती. उताऱ्याप्रमाणे उचल १,४२,६०,००० रुपये आणि वहीप्रमाणे १,६१,००,००० रुपये होती. न वटलेले ११ चेक मिळून १९,६०,००० रुपये उताऱ्याच्या आकड्यात मिळवायचे आणि जमा व्हायचे राहिलेले १,२०,००० रुपये वजा करायचे. आकडा पैशापर्यंत जुळत होता. तिने पहिली चांगली गोष्ट ही केली की अकाउंटंटने दिलेली उताऱ्याची फाइल तशीच न वापरता, त्यांच्या शेजारी बसून नेट बँकिंगमधून जूनअखेरपर्यंतचा उतारा नव्याने काढून घेतला. मग अकराही चेकसमोर प्रत्येकाची वटल्याची तारीख लिहिली. आठ चेक, एकूण ९,८५,००० रुपयांचे, १२ एप्रिलच्या आत वटले होते. उरलेले तीन, ९,७५,००० रुपयांचे, २२ आणि २४ जूनला वटले होते.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी. पुष्कळ मुले अशा ठिकाणी ‘नंतर वटले’ असा शेरा लिहून पान उलटतात. मीही माझ्या पहिल्या वर्षी तेच केले होते आणि माझ्या सीनियरने त्या शेऱ्याखाली लाल शाईने ‘कधी?’ एवढेच लिहून कागद परत दिला होता. चेक वटला एवढ्याने देणे खरे होते हे कळते. ते ३१ मार्चलाच फेडले होते की नाही, हे कळत नाही. चेकची मुदत तीन महिन्यांची असते, त्यामुळे मुदत संपण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी तीन मोठ्या रकमा एकदम वटतात तेव्हा चौकशी झालीच पाहिजे. मात्र केवळ उशीर हा पुरावा नाही. एखादा छोटा जॉबवर्कवाला बँकेत जायला वेळ नाही म्हणून चेक खिशात ठेवतोही.

तिने पुढे चेकचे क्रमांक पाहिले. वहीत २९ मार्चला वाहतूकदाराला दिलेल्या चेकचे शेवटचे आकडे ४३८ होते. ९ एप्रिलला वाळूवाल्याला दिलेला चेक ४४६ होता. आणि ३१ मार्चला दिल्याची नोंद असलेले ते तीन चेक ४५२, ४५३ आणि ४५४ होते. चेकबुकाची पाने एकामागून एक फाडली जातात. ४४६ क्रमांकाचे पान ९ एप्रिलला वापरले गेले असेल तर ४५२ त्याच्या आधी ३१ मार्चला दिले गेले, असे सहसा होत नाही. ती अकाउंटंटना म्हणाली, “काका, या चेकबुकाच्या स्थळप्रती बघायला मिळतील का?” त्यांनी चेकबुक दिले. तिन्ही स्थळप्रतींवर नाव आणि रक्कम होती, तारखेची जागा रिकामी होती, आणि त्याच पुस्तकातल्या बाकीच्या स्थळप्रतींवर तारखा होत्या.

मला तिच्या कामातले सर्वांत जास्त आवडले ते यानंतरचे. तिने काकांना दोषी ठरवल्यासारखे काही विचारले नाही, मालकांकडेही गेली नाही. स्थळप्रतींची नक्कल घेतली, जेवणाच्या सुट्टीत सीनियरला फोन केला आणि पाहिले तेवढेच सांगितले. निष्कर्ष काढणे हे तिचे काम नव्हते, आणि पहिल्या वर्षी ही मर्यादा सांभाळता येणे मला एक्सेलच्या चार फॉर्म्युल्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते. अकाउंटंट तिथे नोकरी करतात. त्यांच्याशी आदराने बोलणाऱ्या मुलीला ते पुढच्या वर्षीही कपाटाची किल्ली देतात.

आम्ही त्या तिन्ही पुरवठादारांना ३१ मार्चच्या येणे बाकीबद्दल पत्रे पाठवली. अशी पत्रे अशिलाच्या सहीची असली तरी टपालात आपण टाकायची आणि उत्तर थेट आपल्या पत्त्यावर मागवायचे, नाहीतर त्यांचा उपयोग उरत नाही. दोघांची उत्तरे आली: दोघांच्याही वहीत ३१ मार्चला पूर्ण रक्कम येणे होती आणि पैसे जूनमध्ये मिळाल्याची नोंद होती. तिसऱ्याचे उत्तर आले नाही. तेव्हा अशिलाकडच्या पत्रव्यवहाराच्या फाइलमध्ये त्याने मे महिन्यात पाठवलेले थकबाकीचे स्मरणपत्र सापडले. म्हणजे तिन्ही चेक वर्षअखेरीस दिलेच गेले नव्हते, नोंद मात्र मागील तारखेने केली होती.

यात नफा एक रुपयानेही बदलत नाही, आणि म्हणूनच नफा-तोट्यावरच नजर असलेल्याला हे दिसत नाही. दुरुस्ती ताळेबंदात होते: बँकेची उचल ९,७५,००० रुपयांनी कमी होऊन १,५१,२५,००० होते आणि पुरवठादारांची देणी तेवढ्याच रकमेने वाढतात. मग असे कोणी का करावे? त्याची दोन कारणे होती. एक बँकेचे. कॅश क्रेडिटमध्ये किती उचल करता येईल हे ठरवताना बँक मालाच्या किमतीतून त्याची न फेडलेली देणी वजा करते आणि उरलेल्या रकमेतून मार्जिन, म्हणजे धंद्याने स्वतः घालायचा हिस्सा, कापते. देणी ९,७५,००० रुपयांनी कमी दाखवली की, मार्जिन २५ टक्के असताना, उचलीची मर्यादा ७,३१,२५० रुपयांनी जास्त दिसते. आणि चेक प्रत्यक्षात वटलेले नसल्यामुळे बँकेच्या स्वतःच्या खात्यात उचल वाढलेलीही दिसत नाही.

दुसरे कारण आयकराचे. त्या तिघांपैकी दोघे, एक पॅटर्न बनवणारा आणि एक मशीनिंगचे जॉबवर्क करणारा, उद्यम नोंदणी असलेले सूक्ष्म उद्योग होते. त्यांची डिसेंबरची बिले मिळून ६,४०,००० रुपये होत होती. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या ४३ बी कलमात आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झालेल्या तरतुदीप्रमाणे, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. ती मुदत चुकली तर खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी मिळते. ३१ मार्चला दिले असते तर उशीर होऊनही वजावट त्याच वर्षी मिळाली असती. जूनमध्ये दिले म्हणून ती पुढच्या वर्षी गेली. मागील तारखेच्या नोंदीने हाच फरक पुसला जात होता, आणि कर लेखापरीक्षणाच्या ३ सी.डी. या फॉर्ममध्ये तो आम्हाला दाखवावा लागला.

आता कौशल्यांबद्दल. टॅली आणि एक्सेल यायला हवेच. वरच्या कामात तिने उतारा एक्सेलमध्ये घेऊन चेक क्रमांकावरून वटल्याच्या तारखा लुकअपने आणल्या आणि मग सगळी यादी क्रमांकानुसार लावली. क्रम बिघडलेला दिसला तो या क्रमवारीमुळे, तारखेनुसार लावलेल्या यादीत तो लपला असता. पण हे दोन महिन्यांत शिकता येते. ज्याला वर्ष लागते ते वर्किंग पेपर लिहिणे. लेखापरीक्षणाच्या २३० क्रमांकाच्या मानकाची अपेक्षा अशी आहे की, त्या कामाशी पूर्वी संबंध नसलेल्या अनुभवी लेखापरीक्षकाला केवळ कागद वाचून काय तपासले, कोणता पुरावा मिळाला आणि काय निष्कर्ष निघाला हे कळावे. तिच्या कागदावर उतारा कोणत्या दिवशी, कोणासमोर काढला, अकरा चेकचे क्रमांक, रकमा, नोंदीच्या आणि वटल्याच्या तारखा, कोणत्या स्थळप्रती पाहिल्या, आणि तिसऱ्या पुरवठादाराचे उत्तर न आल्यामुळे त्याऐवजी कोणते पत्र पाहिले, हे सगळे होते. ‘संशयास्पद’ हा शब्द कुठेही नव्हता. असा कागद लिहायला मुलीला मराठीत किंवा इंग्रजीत सरळ, पूर्ण वाक्य लिहिता आले पाहिजे, आणि त्याचा सराव आजपासून करता येईल.

फर्म कोल्हापुरात निवडावी की पुण्यात, हा प्रश्नही तुमच्या मनात असेल. मोठ्या शहरात कंपन्या मोठ्या असतात, पण तिथे एका मुलाच्या वाट्याला बहुधा कामाचा एक तुकडा येतो. इथे फाउंड्री, गुळाचे व्यापारी आणि पतसंस्था यांचे हिशेब पहिल्या पानापासून ताळेबंदापर्यंत पाहायला मिळतात. मुलाखतीला गेल्यावर तिने दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: पहिल्या वर्षी अशिलाच्या जागेवर जाऊन काम करायला मिळेल का, आणि तिने लिहिलेला वर्किंग पेपर वाचून शेरे मारून परत देणारे कोणी तिथे आहे का.