पोट वर आलं की एक

मी आशा गटप्रवर्तक आहे, यवतमाळ जिल्ह्यात. दर काही महिन्यांनी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आशाताईंचं प्रशिक्षण असतं आणि त्यात बाळाचा श्वास मोजण्याचं सत्र माझ्याकडे येतं. या सत्रासाठी मी एक वही ठेवली आहे. मी काय बोलणार ते तिच्यात शब्दन्‌शब्द लिहिलेलं आहे. आधी थोडं सांगायचं, लगेच करून दाखवायचं, मग त्यांच्याकडून करून घ्यायचं, आणि पुन्हा पुढचं थोडं सांगायचं. नोव्हेंबरातल्या एका सत्रानंतर त्या वहीतली दोन वाक्यं मला बदलावी लागली. त्या दिवसाबद्दल लिहिते आहे.

त्या दिवशी चौदा जणी होत्या. वहीतलं पहिलं पान मी वाचलं:

“न्यूमोनियात फुप्फुसाच्या काही भागात पाणी-पू भरतो. तेवढा भाग हवा घेत नाही, फुप्फुस कडक होतं. मग बाळ खोल श्वास घेऊ शकत नाही, म्हणून भरभर घेतं. छाती ऐकायला आपल्याजवळ नळी नाही, पण भरभर चाललेला श्वास आपल्याला दिसतो आणि तो मोजता येतो. बाळ शांत पाहिजे. रडताना, दूध पिताना मोजायचं नाही. अंगातलं झबलं वर करायचं, उजेडात पोट-छाती बघायची आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे.”

यानंतर दाखवायचं असतं. खरं बाळ आपल्याला हवं त्या वेगाने श्वास घेत नाही, आणि मोठ्या माणसाला मिनिटभर तसा वेग धरायला लावला तर चक्कर येते. म्हणून मी एक युक्ती करते. टॉवेल बाळाएवढा गुंडाळून टेबलावर ठेवते आणि त्याखाली हात घालते. कानात इअरफोनची एक बाजू लावलेली असते, त्यात मिनिटाला ठरावीक ठोके वाजवणारं ॲप चालू असतं. प्रत्येक ठोक्याला हात एकदा वर उचलायचा. बघणाऱ्यांना टॉवेलचं पोट वर-खाली होताना दिसतं आणि खरा आकडा फक्त मला माहीत असतो. त्या दिवशी मी 52 लावले होते.

एक नियम मी कधीच मोडत नाही. मोजून झाल्यावर कोणी तोंडाने आकडा सांगायचा नाही, चिठ्ठीवर लिहून द्यायचा. पहिलीने मोठ्याने “बावन्न” म्हटलं की बाकीच्या तेरा जणींचेही बावन्नच होतात, आणि कोणाचं कुठे चुकतंय ते मला कधीच कळत नाही.

चिठ्ठ्या उघडल्या. नऊ जणींचे आकडे 50 ते 54 मधले होते. दोघींचे 41 आणि 45. एकीने 26 लिहिलं होतं. आणि दोन चिठ्ठ्यांवर होतं 101 आणि 104.

26 चा उलगडा लगेच झाला. तिने अर्धं मिनिट मोजलं आणि दुप्पट करायचं राहून गेलं. दुप्पट केलं असतं तर इथे उत्तर बरोबर आलं असतं, कारण टॉवेल एका तालात हलत होता. लहान बाळ मात्र मध्येच थांबतं, मध्येच चार श्वास भरभर घेतं. अर्ध्या मिनिटात दोन श्वासांची चूक झाली की दुपटीत ती चारची होते. पूर्ण मिनिट हवं ते यासाठी.

41 आणि 45 वाल्या दोघी घड्याळाकडे बघत होत्या. मी त्यांच्या डोळ्यांवर लक्ष ठेवलं होतं. पिशवीतलं घड्याळ हातात धरून दर पाच-सात सेकंदांनी नजर खाली जात होती, आणि नजर गेली की एक श्वास निसटत होता. त्यांना मी जोडीने बसवलं. एकीने फक्त घड्याळ बघून “सुरू” आणि “थांब” म्हणायचं, दुसरीने पोटावरून नजर हलवायची नाही. घरी जोडीदार नसेल तर फोनवर एका मिनिटाचा गजर लावायचा. दुसऱ्या फेरीत मी वेग 47 केला. दोघींनी 46 आणि 47 लिहिलं.

104 चं कारण मात्र मला सुचेना. ती ताई आमच्यातली जुनी, दहा वर्षं काम केलेली. मी तिला मोठ्याने मोजायला सांगितलं. टॉवेल वर आला, ती म्हणाली, “एक.” खाली गेला, म्हणाली, “दोन.”

“ताई, तुम्ही खाली गेलेलाही मोजताय?”

“मग? तुम्हीच तर म्हणालात श्वास मोजा. घेतला तोही श्वास, सोडला तोही श्वासच ना?”

तिचं चुकलं नव्हतं. आपण ‘श्वास घेतला, श्वास सोडला’ असंच बोलतो, दोन्हीकडे शब्द तोच. वहीत मी ‘श्वास मोजायचे’ लिहून ठेवलं होतं आणि कितीतरी सत्रांत तसंच वाचत आले होते. याआधी चिठ्ठ्यांची पद्धत नव्हती तेव्हा अशा किती जणी दुप्पट मोजत घरी गेल्या असतील, हे मनात येऊन मला खरंच वाईट वाटलं. दुप्पट मोजलं की चांगलं खेळतं बाळही आजारी ठरतं. आईला दोनदा उगाच दवाखान्यात पाठवलं की तिसऱ्यांदा ती ऐकत नाही.

मी तिथेच वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं: “पोट वर आलं की एक. खाली जाताना गप्प.” सगळ्यांकडून ते तालात म्हणवून घेतलं, टॉवेल हलवत. वर आला की चौदा जणींचा आवाज, खाली गेला की शांतता. त्यानंतरच्या फेरीत तीन आकडी चिठ्ठी एकही आली नाही.

या मोजणीची अडचण जुनी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर दायांसाठी एका मिनिटाची वाळू आणि मणी असलेलं साधन केलं होतं, म्हणजे मोठे आकडे ध्यानात ठेवावे लागू नयेत. आमच्या ताई शिकलेल्या आहेत, तरी वीस-तीसच्या पुढे आकडा जिभेवर लांबतो आणि पोट पुढे निघून जातं. त्यांना मी दहापर्यंतच मोजायला लावते, आणि प्रत्येक दहाला एक बोट मिटायचं.

मग पुढचं पान, मर्यादांचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर मिनिटाला 60 किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. त्या वयात 60 वर आकडा आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करायची. दोन महिने पूर्ण झाल्यापासून वर्षाच्या आत 50. वर्ष पूर्ण झाल्यापासून पाच वर्षांच्या आत 40. लहान बाळाचं फुप्फुस लहान, एका श्वासात हवा कमी मावते, म्हणून त्याचा नेहमीचा वेगच जास्त असतो.

हे पान चालू असतानाच बाहेर ओपीडीत एक आई आली. बाळाला चार दिवस खोकला. “पोट उडून राह्यलं जी याचं,” ती नर्सताईंना सांगत होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्या याला ‘डबा’ म्हणतात. डॉक्टर प्रसूतीगृहात होते, थोडा वेळ लागणार होता. धोक्याची लक्षणं मी आधी विचारून घेतली. बाळ दूध पीत होतं, सगळं ओकत नव्हतं, झटके आले नव्हते, सुस्त नव्हतं. मग आईला विचारलं, या ताईंना मोजू देता का? ती हो म्हणाली.

बाळ आधी रडत होतं. आईने पाजलं, थोपटलं, दहा-बारा मिनिटांनी ते मांडीवर पेंगलं. झबलं वर केलं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात नव्हता. चौघींनी मोजलं. चिठ्ठ्या आल्या 46, 47, 45 आणि 46. मला फार आनंद झाला. सकाळी 26 ते 104 अशी पसरलेली मोजणी आता दोन आकड्यांच्या आत आली होती.

“वय किती?” मी आईला विचारलं.

“अकरा सरले असतील.”

“म्हणजे मर्यादा किती?” मी ताईंना विचारलं.

“पन्नास,” सगळ्या एकदम म्हणाल्या. “न्यूमोनिया नाही. साधा खोकला.”

मीही मान हलवली. हे लिहिताना जड जातं, पण हलवली.

मागे बसलेल्या, सकाळी 104 लिहिणाऱ्या ताई उठल्या. बाळ त्यांच्याच गावचं होतं. “मॅडम, याची गोवराची सुई मागच्या महिन्यात राहिली म्हणून मी दोनदा घरी गेली होती. कार्ड बघा.” आईच्या पिशवीतून माता-बाल संरक्षण कार्ड निघालं. जन्मतारीख 3 नोव्हेंबर. त्या दिवशी 15 तारीख होती. बाळाला वर्ष पूर्ण होऊन बारा दिवस झाले होते. मर्यादा 40. म्हणजे 46 हा जलद श्वास.

आकडा तोच, चौघींनी नेमका मोजलेला, आणि निर्णय उलटा. बारा दिवसांत बाळाच्या फुप्फुसात काही बदलत नाही, हे खरं. वयासोबत वेग हळूहळू उतरतो, मर्यादेची रेघ मात्र कुठेतरी एका जागी मारावी लागते. आशाला छाती ऐकता येत नाही, एक्स-रे काढता येत नाही, तिच्या हाती ती रेघच असते. आणि श्वास जलद आहे एवढंच ती रेघ सांगते. दमा, श्वासनलिकेची सूज यांतही वेग वाढतो. त्यापुढचं डॉक्टरांनी बघायचं.

डॉक्टर आले. छाती ऐकली, बोटाला ऑक्सिमीटर लावला, 96 आलं. घुरघुर नव्हती. त्यांनी न्यूमोनिया म्हणून अमॉक्सिसिलिन पाच दिवसांचं लिहून दिलं, ठेवून घ्यायची गरज नाही म्हणाले, दोन दिवसांनी पुन्हा दाखवायला सांगितलं. पहिला डोस तिथेच पाजला. दूध सोडलं, छाती आत ओढायला लागली, श्वास आणखी वाढला तर रात्र असली तरी यायचं, हे आईकडून मी तिच्या शब्दांत परत म्हणवून घेतलं.

उरलेलं सत्र तासभर उशिरा संपलं. शेवटच्या सरावात मी टॉवेलसोबत कोऱ्या कार्डांवर जन्मतारखा लिहून दिल्या, काही मुद्दाम दोन महिन्यांच्या आणि वर्षाच्या काठावरच्या. आधी कार्ड, मग मर्यादा चिठ्ठीच्या डोक्यावर लिहायची, मग मोजायचं. आकडा आल्यावर वय विचारलं तर आपल्याला सोयीचं तेच वय खरं वाटतं, हे मी त्या दिवशी स्वतःवरून शिकले. वहीत आता झबलं वर करण्याच्या आधीचं वाक्य आहे: “तारीख कार्डावरची. आईच्या तोंडची नाही.”

दोन दिवसांनी संध्याकाळी त्या ताईंचा फोन आला. आई बाळाला दाखवून आली होती आणि परत आल्यावर ताई घरी जाऊन आल्या होत्या.

“छत्तीस आहे, मॅडम. झोपेत मोजलं. वर आलं तेवढंच मोजलं.”

“दूध?”

“पिऊन राह्यला. अन्‌ ती सुई त्याची, बरा झाला की बुधवारी घेऊन येते मी.”