काडीवरचे आकडे

चष्म्याच्या काडीच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत काहीतरी छापलेलं असतं, ते वाचायला चष्मा काढावा लागतो आणि चष्मा काढला की ते वाचता येत नाही. बहुतेक माणसं त्यामुळे ते कधीच वाचत नसावीत. माझ्या काडीवर ५४□१८ १४० असं आहे. काचेची रुंदी ५४ मिलिमीटर, नाकावर बसणाऱ्या ब्रिजची १८ आणि कानामागच्या वळणासकट काडीची लांबी १४०. मधला चौकोन म्हणजे काचेभोवती कल्पनेने आखलेली चौकट. काच गोल असो की मांजरीच्या डोळ्यासारखी, तिची रुंदी त्या चौकटीवरच मोजतात.

ऑनलाइन दुकानात हे तिन्ही आकडे इमानेइतबारे दिलेले असतात. पण चष्मा कसा दिसणार, हे ज्या आकड्यावर ठरतं तो फ्रेमचा नसतोच, तो आपल्या चेहऱ्याचा असतो: दोन बाहुल्यांमधलं अंतर. चष्मेवाला कपाळाशी पट्टी धरून "माझ्या डोळ्यात बघा" म्हणतो, तेव्हा तो तेच मोजत असतो.

हिशेब सोपा आहे. ५४ आणि १८ मिळून ७२. एका काचेच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत एवढं अंतर. बाहुल्यांमधलं अंतर ६२ असेल तर दहाचा फरक पडला, म्हणजे प्रत्येक डोळा काचेच्या मध्यापासून पाच मिलिमीटर नाकाकडे. भिंगाचं केंद्र बाहुलीसमोर हवं म्हणून तेही तितकंच आत सरकवतात आणि कानाकडची कड केंद्रापासून ३२ मिलिमीटर लांब जाते. उणे नंबरची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. त्यामुळे उणे पाचच्या साध्या प्लास्टिकच्या भिंगाची ती कड साधारण सात मिलिमीटर भरते आणि फोटोत चष्मा बाजूने बाटलीच्या बुडासारखा दिसतो.

मग दुकानदार महागडं पातळ भिंग सुचवतो, ज्याच्या वर्णनात १.६७ लिहिलेलं असतं. साध्याचा अपवर्तनांक १.५ असतो. आकडा जितका मोठा तितका प्रकाश जास्त वळतो, आणि तेवढ्याच नंबरला कमी जाडी पुरते. सात मिलिमीटरची कड साधारण सव्वापाचवर येते. बरोबरच आहे त्याचं. पण त्याच नंबरचं साधं भिंग ४८□२० च्या फ्रेममध्ये बसवलं तर? बेरीज ६८, डोळा तीनच मिलिमीटर आत, कड केंद्रापासून २७ वर, आणि जाडी साडेपाचच्या आसपास. म्हणजे महागड्या भिंगाने जे साधतं, ते जवळजवळ लहान फ्रेमनेच साधलं. सध्या फॅशन मोठ्या फ्रेमची आहे, आणि मोठी फ्रेम घेतली की पातळ भिंगही घ्यावं लागतं. यात दुकानाचं दुहेरी भलं आहे, एवढंच म्हणतो.

घड्याळाचंही असंच. वर्णनात ठळक काय, तर डायलच्या डब्याचा व्यास: ४० मिलिमीटर. मनगटावर मात्र आडव्या व्यासाने भागत नाही, उभी लांबी लागते, म्हणजे पट्टा अडकवायच्या वरच्या कानांच्या टोकापासून खालच्या कानांच्या टोकापर्यंतचं अंतर. माझं मनगट वरून सपाट भागात ४९ मिलिमीटर रुंद आहे. ४० चं पण ५१ लांबीचं घड्याळ त्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर डोकावतं, तर ४२ चं, पण आखूड आणि खाली वळलेल्या कानांचं ४७ लांबीचं घड्याळ शहाण्यासारखं बसतं. हा आकडा वर्णनात कित्येकदा नसतोच. पट्ट्याची रुंदी तेवढी दिलेली असते, २० वगैरे. ती म्हणजे त्या दोन कानांमधली फट. तिथे १८ चा पट्टा घातला तर दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर उजेड दिसतो, आणि २२ चा चामडी पट्टा कोंबला तर कडेने दुमडतो.

आता आतलं यंत्र. चावीचं किंवा ऑटोमॅटिक आहे की सेलचं, हे सांगायला बहुतेकदा सेकंदकाटा पुरतो. सेलच्या घड्याळात क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या दोनचा पंधरावा घात आहे, म्हणून पंधरा वेळा अर्धी केली की बरोबर एक उरतो आणि काटा सेकंदाला एकदा टुक करून सरकतो. चावीच्या जुन्या घड्याळांत बरेचदा तासाला १८,००० ठोके, म्हणजे सेकंदाला पाच बारीक हिसके, आणि काटा वाहत गेल्यासारखा दिसतो. काही सेलच्या घड्याळांतही काटा असा वाहता ठेवतात, तेव्हा पक्की खात्री मागचं झाकण उघडल्यावरच. पण स्वस्त "ऑटोमॅटिक"चा काटा टुकटुक करू लागला की बहुतेक आत सेल निघतो.

परवा एका विक्रेत्याला कानापासून कानापर्यंतची लांबी विचारली. उत्तर आलं, "सर, फ्री साइज आहे, पट्टा अ‍ॅडजस्ट होतो."