कागदी स्लाइड रूल अपडेट: सी आणि डी पट्ट्या तयार, आता गुणाकार

स्लाइड रूल म्हणजे एकमेकींना लागून सरकणाऱ्या पट्ट्यांवर गुणाकार करायचं जुनं साधन, त्यातली सी सरकते आणि डी जागेवर राहते. दोन्ही पट्ट्या आखून, कापून, जाड कार्डशीटवर चिकटवून झाल्या. लांबी २५ सेंमी, जुन्या दहा इंची स्लाइड रूलची स्केल साधारण तेवढीच असायची. ज्यांनी लहानपणापासून कॅलक्युलेटरच वापरलाय त्यांच्यासाठी आधी हे प्रकरण चालतं कसं ते सांगतो, मग पट्टीकडे येऊ.

१०० गुणिले १००० करताना आपण खरं तर गुणतच नाही, शून्यं मोजतो, दोन आणि तीन पाच, झालं उत्तर. लॉग म्हणजे हीच सोय मधल्या सगळ्या आकड्यांना लावून देणं. २ म्हणजे १० चा ०.३०१० वा घात, ३ म्हणजे ०.४७७१ वा, दोघांची बेरीज ०.७७८१, आणि टेबलात ६ चा लॉग बघाल तर ०.७७८२. शेवटच्या घरात जो एकाचा फरक दिसतोय तो राउंडिंगचा, तो पुढेही भेटणार आहे. नेपिअरने १६१४ मध्ये पहिलं टेबल छापलं, पण त्याचे लॉग १० च्या पायाचे नव्हते, ते काम ब्रिग्जने केलं आणि आपण शाळेत वापरतो ते त्याच्याच वळणाचं.

आता एक खरंखुरं गणित घेऊ, ३.७४६ गुणिले ५२.८३. चार आकडी टेबलात ३७ ची ओळ, ४ चा कॉलम, तिथे ५७२९. उजवीकडच्या मीन डिफरन्समध्ये ६ खाली ७, म्हणून ५७३६. दुसऱ्यासाठी ५२ ची ओळ, ८ चा कॉलम, ७२२६, त्यात ३ चे २, झाले ७२२८. टेबल फक्त दशांशानंतरचा भाग देतं, आधीचा आपण लावायचा: ३.७४६ ला ०, ५२.८३ ला १. बेरीज ०.५७३६ अधिक १.७२२८, म्हणजे २.२९६४. अँटीलॉगमध्ये .२९ ची ओळ, ६ चा कॉलम, १९७७, त्यात ४ चे २, म्हणून १९७९, आणि पुढे २ आहे म्हणून १९७.९. हाताने गुणलं तर १९७.९०११८ येतं. गंमत म्हणजे दुसरा लॉग खरा ०.७२२९ च्या जवळ आहे, टेबलातला आकडा आणि मीन डिफरन्स दोन्ही राउंड केलेले असल्यामुळे एकाने कमी पडला, पण चार आकड्यांत उत्तर तरीही तेच आलं. नेहमी एवढं नशीब नसतं, चौथा आकडा एकाने इकडेतिकडे होऊ शकतो हे धरूनच चालायचं.

स्लाइड रूलवर हीच बेरीज आपण मोजत नाही, लांबी जोडून करतो. माझ्या पट्टीवर २ ची रेघ ७५.३ मिमीवर आहे (२५० गुणिले ०.३०१०), ३ ची ११९.३ वर. सीचा १ डीच्या २ वर ठेवला की सीच्या ३ खाली १९४.६ मिमी येतात आणि ६ ची रेघ १९४.५ वर, म्हणजे डोळ्याला तीच. वरचं गणित मात्र असं केलं तर ५.२८३ पट्टीच्या बाहेर जातो, कारण दोन्ही लॉगांच्या दशांश भागांची बेरीज १ च्या वर जाते, तेव्हा सीचं उजवं टोक, म्हणजे १०, डीच्या ३.७४६ वर ठेवायचं आणि ५.२८३ खाली वाचायचं. मला १.९८ च्या जरासं अलीकडे दिसलं. दशांश चिन्ह कुठे द्यायचं ते पट्टी सांगत नाही, ४ गुणिले ५० म्हणजे २०० च्या आसपास, म्हणून १९८. हा अंदाज डोक्यात आधी करायची सवय लागते आणि मला तरी ती आवडते.

बनवणाऱ्यांसाठी एक महत्त्वाचं: प्रिंटरने पट्टी थोडी लहान छापली तरी चालतं, कारण लांब्यांचं प्रमाण तेच राहतं, फक्त दोन्ही पट्ट्या सारख्याच लहान हव्यात. एक कागदाच्या उभ्या दिशेत कापली आणि दुसरी आडव्या, की ओलाव्याने किंवा गोंदाने दोन्ही वेगवेगळ्या फुगतात. तपासायचं असं, १ ला १ जुळवा आणि दुसऱ्या टोकाला १० समोर १० येतोय का बघा. नसेल येत तर त्या जोडीवर वेळ घालवू नका, एकाच शीटमधून एकाच दिशेत दोन्ही परत कापा. १० जुळला की मग सीचा १ डीच्या २ वर ठेवून २, ३, ४ खाली एकदम ४, ६, ८ येतात का तेही बघा, म्हणजे मधली एखादी रेघ सरकलीय का ते कळतं.

अचूकतेचं म्हणाल तर पट्टी पाव मिमी चुकली की उत्तरात साधारण ०.२३ टक्के फरक पडतो, आणि पट्टीवर कुठेही तेवढाच पडतो, कारण समान लांबी म्हणजे समान पट. म्हणून ९ कडे रेघा दाटलेल्या दिसल्या तरी टक्केवारीत तिथे नुकसान नाही.

पुढचं काम पारदर्शक शीटवर एक बारीक उभी रेघ ओढून कर्सर बनवायचा आणि वर ए स्केल, त्यात १ ते १० साडेबारा सेंमीत बसवून तेच परत एकदा, म्हणजे डीवरच्या आकड्याचा वर्ग थेट वर वाचता येईल.