कोणाच्या निदर्शनास आलं?

"नव्या लिपिकांना त्यांच्या हातून झालेल्या चुकीचा अहवाल लिहायला सांगताना तुम्ही 'मी' लिहा असा हट्ट का धरता? ते त्यांच्याच अंगाशी येणार नाही का?"

थोडंफार येतं. माझ्याही आलं होतं, लेखी समज मिळाली आणि ती माझ्या फाइलला लागली. तरीही हट्ट सोडत नाही, कारण माझा पहिला अहवाल मी 'मी' न लिहिता लिहिला होता.

कनिष्ठ लिपिक म्हणून लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. छापील पावतीपुस्तकं संपत आली होती, मागणीपत्रावर '60' लिहिलं होतं. सोमवारी दुपारी मी छापखान्याची ऑर्डर तयार केली आणि संख्येच्या रकान्यात 60 घातले. शेजारच्या एककाच्या रकान्यात 'डझन' आधीच छापलेलं होतं. तिकडे माझी नजर गेली नाही. साठ पुस्तकांच्या जागी 720 पुस्तकांची ऑर्डर गेली. महिन्याला वीस लागायची, म्हणजे साठ पुस्तकं तीन महिन्यांची. तीन महिन्यांनी पावतीचा नमुना बदलणार होता. उरलेली 660 कोणाच्याच कामाची नव्हती, आणि कार्यालयाचं नाव छापलेला माल छापखाना परत घेत नाही.

शुक्रवारी गठ्ठे आले. मोजणी झाली, आणि अहवाल माझ्याकडूनच मागवला गेला. मी लिहिलं: "सदर ऑर्डरमध्ये अनवधानाने एककाबाबत तफावत राहिल्याचे पुरवठा प्राप्त झाल्यानंतर निदर्शनास आले आहे." भाषा फाइलीत शोभणारी होती. जुन्या टिपण्या वाचूनच मी ती उचलली होती.

आमच्या हेडक्लार्कांनी पेन्सिल घेतली. 'राहिल्याचे' खाली रेघ मारून समासात लिहिलं, 'कोणाकडून?' मग 'निदर्शनास आले' खाली रेघ, आणि 'कोणाच्या? कधी?' कागद माझ्याकडे सरकवला. रागावले नाहीत. मी मात्र त्या 'कधी?'वर अडकले.

कारण तफावत शुक्रवारी कळलीच नव्हती. मंगळवारी सकाळी छापखान्याची पोच आली होती, त्यात 720 असा आकडा स्पष्ट होता. मी तो वाचला, पोटात गोळा आला, आणि पोच फाइलला लावून टाकली. छापखान्याच्या लक्षात येईल, ते विचारतील, असं स्वतःला समजावत राहिले. नंतर फोन केला तेव्हा कळलं की आमचं काम त्यांनी बुधवारी सकाळी यंत्रावर घेतलं होतं. मंगळवारी एक फोन केला असता, तर एकही जादा पान छापलं गेलं नसतं. नुकसान माझ्या 60 ने झालं नव्हतं, मंगळवारच्या गप्प राहण्याने झालं होतं. आणि नेमकं तेच माझ्या वाक्यातून नाहीसं झालं होतं. त्यात खोटा शब्द एकही नाही असं वरवर वाटत होतं, पण 'पुरवठा प्राप्त झाल्यानंतर' हे तीन शब्द सरळ खोटे होते. करणाऱ्याचं नाव नसलेल्या वाक्यात ते सहज खपून गेले असते.

दुसऱ्या मसुद्यात मी उलट टोकाला गेले. अक्षम्य निष्काळजीपणा, मनापासून क्षमा, असा अर्धा परिच्छेद. तोही त्यांनी खोडला. "याने पुढे काय करायचं ते कळत नाही," एवढंच म्हणाले. ते मला आजही पटतं. वाचणाऱ्याला माझी लाज नको असते, कुठे काय बिघडलं ते हवं असतं.

तिसरा मसुदा असा होता: "सोमवारी मी पावतीपुस्तकांची ऑर्डर तयार केली. मागणी 60 नगांची होती. एककाच्या रकान्यात 'डझन' छापलेले होते, ते मी पाहिले नाही. मंगळवारी सकाळी पोच आली, तीत 720 आहेत हे मी वाचले. मी कोणालाही सांगितले नाही. छपाई बुधवारी सुरू झाली. 660 पुस्तके जादा आहेत. नमुना बदलल्यावर ती वापरता येतील का, हे मला माहीत नाही. मागणीपत्रावर एकक लिहिण्याची जागा नाही. चूक होण्यास त्याचा हातभार लागला असावा, असा माझा अंदाज आहे."

'अंदाज' हा शब्द त्यांनी मुद्दाम घालायला लावला. पाहिलेलं आणि वाटलेलं एका वाक्यात मिसळलं, की वरचा अधिकारी दोन्ही सारखंच खरं धरतो. शिवाय फॉर्मची उणीव शेवटी आली. ती पहिल्या ओळीत असती, तर सबब वाटली असती.

या अहवालावरून दोन गोष्टी झाल्या. मागणीपत्रात एककाचा रकाना आला. आणि छापखान्याची पोच लिपिकाने मागणीपत्राशी ताडून सही करायची, असं ठरलं. पहिल्या मसुद्यावरून यातलं दुसरं होऊच शकलं नसतं, कारण मंगळवारी पोच आली होती हेच त्यात नव्हतं.

तो पेन्सिलच्या रेघांचा कागद मी जपून ठेवला आहे. नवा लिपिक अहवाल घेऊन आला, की आधी तो कागद त्याच्यापुढे ठेवते, मग त्याचा अहवाल वाचायला घेते.