आठ मिनिटं चाळीस सेकंदांतलं एक ‘आपलं’

वरूड-मोर्शीकडच्या संत्रापट्ट्यात मे संपत आला की सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असतो, पावसाआधी खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा बुरशी अडवणारा दाट लेप, लावून झाली की नाही. मी एका शेतकरी उत्पादक कंपनीत काम करते. सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज जी एक पोस्ट जाते, ती लिहिणं माझ्याकडे असतं. लिहिणं म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्यानं बोललेलं लिहिणं. ज्यांना शेतीतलं खरं कळतं ते लिहीत नाहीत, बोलतात. तेही बैलांना पाणी दाखवता दाखवता.

त्या दिवशी सकाळी एका जुन्या बागायतदार काकांचा व्हॉइस मेसेज आला होता. आठ मिनिटं चाळीस सेकंदांचा. आमच्याकडे शिकायला आलेल्या कृषी पदविकेच्या मुलानं तो ऐकून जसाच्या तसा टाइप करून दिला. मी त्याला बजावलं होतं की एक शब्द गाळायचा नाही, आणि पोरानं खरंच गाळला नाही. फक्त स्वल्पविराम, पूर्णविराम यांचा त्याला विसर पडला. हजाराच्या आसपास शब्दांचा एक सलग पट्टा माझ्यासमोर आला. त्यातला मुख्य तुकडा हा:

“तर पाहा आता मी सांगतो म्हणजे कसं की मोरचूद घ्या एक किलो बरं का एक किलो आन् चुना बी एक किलो आन् ते लोखंडाच्या घमेल्यात नाही करायचं ते मी मंगाशी सांगितलं लोखंडाच्यात नाही बरं का आन् पाणी मंग शंभर लिटर आपलं दहा लिटर खोडाले ब्रशनं लावायचं हाये ना मंग ते काय म्हणते त्याले भिंतीले चुना मारतो तसं झालं पाह्यजे”

माझी तेव्हाची पद्धत अशी होती की आधी भरणा काढायचा. संगणकावर शोधा-आणि-बदला उघडायचं, आणि ‘म्हणजे’, ‘बरं का’, ‘आपलं’, ‘काय म्हणते त्याले’, ‘हाये ना’ एकेक करून उडवायचे. दोन मिनिटांत मजकूर पाऊण होतो आणि फार काम केल्यासारखं वाटतं. तसंच केलं. उरलेल्या मजकुरात पाण्याचं वाक्य असं दिसू लागलं: “पाणी मंग शंभर लिटर दहा लिटर खोडाले ब्रशनं लावायचं.”

मला त्याचा अर्थ सरळ लागला. शंभर लिटर पाण्यात मिश्रण करायचं, त्यातलं दहा लिटर खोडांना ब्रशनं लावायचं, बाकीचं फवारायचं. शिवाय बोर्डो मिश्रण म्हटलं की एक किलो, एक किलो, शंभर लिटर हे प्रमाण डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून शंकासुद्धा आली नाही. मी लिहून मोकळी झाले: “१ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १०० लिटर पाणी यांचं मिश्रण तयार करा. त्यातील १० लिटर ब्रशने खोडांना लावा.” वाक्य इतकं नीटस होतं की मी स्वतःवरच खूश झाले.

अडकले ती पुढच्या ओळीला. ‘भिंतीले चुना मारतो तसं.’ एक किलो चुना शंभर लिटर पाण्यात गेला तर भिंतीला मारायच्या चुन्यासारखा कसा होईल? ते निळसर पाणीच. ब्रश बुडवून खोडावर ओढला तर ओघळून बुंध्याशी जाईल, आणि सालीवर राहील तो नुसता डाग. पहिल्या मोठ्या पावसात तोही नाही. आकडे मान्य केले तर उपमा चुकत होती, आणि चुना मारण्याच्या बाबतीत काका चुकतील हे मला पटेना.

मग मूळ मेसेज लावला. त्या जागेवर काका असे बोलले होते: “पाणी मंग शंभर लिटर...” इथं थांबले, जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं, आणि “आपलं, दहा लिटर!” असं जोर देऊन म्हणाले. मग पुन्हा सावकाश, “खोडाले ब्रशनं लावायचं हाये ना.”

आपण सगळेच असं बोलतो. “मंगळवारी ये, आपलं, बुधवारी.” इथलं ‘आपलं’ तोंडाला लागलेली सवय नसते, ती काट मारलेली असते. कागदावर आपण शब्दावर रेघ ओढतो, तशी बोलण्यात ‘आपलं’ म्हणून ओढतो. मी तो शब्द भरणा समजून उडवला, म्हणजे काट पुसली. खोडलेला आकडा खऱ्या आकड्याच्या शेजारी तितक्याच मानानं उभा राहिला, आणि मग दोघांचं नातं मी माझ्या मनानं जोडलं.

हे तसंच ग्रुपवर गेलं असतं तर चारशेच्या वर लोकांनी दहा टक्क्यांच्या पेस्टऐवजी एक टक्क्याचं मिश्रण खोडाला लावलं असतं. झाडाला त्यानं काही झालं नसतं, पण डिंक्या रोगालाही काही झालं नसतं. डिंक्याची बुरशी जमिनीतून येते. पावसात बुंध्यापाशी ओल राहिली, माती उडून सालीला चिकटली की ती साल धरते आणि मग डिंक गळायला लागतो. पेस्टचा थर जाड बसला तरच तिला अडवतो. लोकांनी लावल्याच्या समाधानात पावसाळा काढला असता, आणि बुंधे पाहिले असते ते थेट पाऊस ओसरल्यावर.

मी सगळा मजकूर पुन्हा पहिल्यापासून काढला, उडवलेल्या शब्दांसकट. या वेळी कानाला इअरफोन, हातात पेन्सिल. सगळी ‘आपलं’ मोजली तर अकरा निघाली. त्यातली नऊ खरंच नुसती होती, ‘मी आपलं सांगतो’ छापाची. दोन दुरुस्तीची. दुसरी निरुपद्रवी होती, ‘जूनमधी आपलं मेमधी’. पण ही दोन त्या नवांपासून वेगळी करायला डोळ्यांचा उपयोग नव्हता, कानच लागला.

मग ‘म्हणे’ सापडलं. “जवसाचं तेल टाकतात म्हने कोणी कोणी.” यातला ‘म्हणे’ गेला की ऐकीव गोष्ट सल्ला होते. काकांनी स्वतः ते कधी केलेलं नाही, असं पुढं दीड मिनिटानं सांगितलंही होतं. ते वाक्य मी अख्खं काढलं.

राहिलं ते लोखंडी घमेलं. ते मेसेजमध्ये चार वेळा होतं. पहिल्या फेरीत मी तीन काढून एक शेवटी टाकलं होतं, ‘काळजी’ म्हणून. ऐकताना कळलं की चारही वेळा काकांचा आवाज चढतोय. माणूस चार वेळा एकच सांगतो तेव्हा एकदा लिहायचं हे बरोबर, पण कुठं लिहायचं हे त्या चारानंच ठरतं. ते मी अगदी वर घेतलं. त्यात एक गंमतही होती. मेसेजच्या शेवटी काका म्हणतात, मिश्रणात विळा बुडवून पाहा, पातं तांबूस झालं तर चुना अजून पाहिजे. विळा लोखंडाचाच की! दोन वाक्यं जवळ ठेवली तर एखादा विचारणारच, “लोखंड नको म्हणता आणि लोखंडच बुडवता?” उत्तर एकच आहे. मोरचुदातलं तांबं लोखंडावर जाऊन बसतं. घमेल्यावर बसलं तर मिश्रणातलं तांबं वाया जातं आणि घमेलंही खराब होतं. विळ्यावर बसलं तर कळतं की तांबं अजून मोकळं आहे, चुन्यानं पुरतं धरलेलं नाही. काकांनी ही दोन टोकं पाच मिनिटांच्या अंतरानं सांगितली होती. कारण मात्र सांगितलं नव्हतं, तेवढी अर्धी ओळ मला घालावी लागली. आपल्याकडून शब्द घालायला मी सहसा तयार नसते. इथं न घालून चाललं नसतं.

मेसेजमध्ये वडिलांच्या वेळची बाग, मोठ्या पावसाचं एक वर्ष आणि धाकट्या जावयाचं नवं ट्रॅक्टर हेही होतं. ते सगळं सोडलं. जीवावर आलं ते बागेच्या गोष्टीचं, ट्रॅक्टरचं नाही.

दुपारी काकांना फोन लावून मसुदा वाचून दाखवला. मध्ये एकदाही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, “चुना कोणता ते कुठं लिहिलं?”

“तुम्ही नुसतं चुना म्हणालात, काका.”

“चुना म्हंजे कळीचाच ना पोरी! पण हे आताचे पोट्टे दुकानातून विरलेल्या चुन्याची पुडी आणतील. त्यात जोर कमी असते, तो एक किलो पुरत नाही.”

आठ मिनिटं चाळीस सेकंदांत ‘कळीचा’ हा शब्द एकदाही नव्हता. त्यांच्यासाठी तो चुना या शब्दातच होता. मजकूर कितीही घासला असता तरी तो निघाला नसता, कारण तो त्यात नव्हताच. संध्याकाळी गेलेली पोस्ट ही:

“पावसाआधी संत्र्याच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावा. प्रमाण: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. (१०० लिटरचं प्रमाण फवारणीचं, ते खोडाला लावू नका.)

लोखंडी घमेलं किंवा बादली वापरू नका, प्लास्टिकची घ्या. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि वाया जातं.

मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर ५ लिटर पाण्यात लोंबतं ठेवा. चुना वेगळ्या भांड्यात थोड्या पाण्यानं विरवा, गार होऊ द्या, पाणी घालून ५ लिटर करा आणि गाळून घ्या. दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओता, लाकडी काठीनं ढवळत राहा.

स्वच्छ विळ्याचं पातं बुडवून पाहा. तांबूस झालं तर तांबं अजून मोकळं आहे, थोडं चुन्याचं पाणी वाढवा. भिंतीला चुना मारतो तितकं दाट हवं.

डिंक गळत असेल तिथली खराब साल आधी खरवडून काढा. जमिनीपासून १ मीटरपर्यंत ब्रशनं लावा. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा.”

कंसातलं वाक्य काकांचं नाही, माझं आहे. जी चूक मी केली ती दुसरं कोणी करेल या धास्तीनं घातलेलं.

रात्री साडेनऊला काकांचा मेसेज आला. पुन्हा व्हॉइसच, सव्वादोन मिनिटांचा. सुरुवातीला कुत्र्याला हाकललं, मग खोकले, मग म्हणाले, “हां पोरी, ऐकलं मी ते तुझं... च्च, आपलं, वाचलं.”