पाणी गप्प झालं की

परवा दुपारी कुडाळहून गावी जाताना आमच्या व्हाळावरच्या, म्हणजे ओढ्यावरच्या, कॉजवेच्या अलीकडे मोटरसायकली, एक टेम्पो आणि माणसांचा घोळका दिसला, तेव्हाच कळलं की पाणी कॉजवेच्या फरशीवरून चाललंय. ऊन पडलं होतं. त्याचं आमच्याकडे कुणाला नवल नाही. पाऊस वर सह्याद्रीत पडतो आणि त्याचं पाणी तास-दोन तासांनी खाली उन्हात येऊन रस्ता अडवतं.

अशा घोळक्यात कायम दोन पक्ष असतात. एक ‘काय नाय होणा, चला’वाला आणि दुसरा ‘हायवेवरून वळसा घाला’वाला. माझे आजोबा दोन्हीत नसत. पाणी जिथे रस्त्याला टेकलंय तिथे ते एक चपटा दगड ठेवायचे आणि बाजूला बसून निवांत पान लावायचे. पान संपेपर्यंत दगड बुडला, तर घरी परत. दगडाभोवती ओली रेघ उघडी पडली, तर बसून राहायचं, कारण घाटातला पाऊस थांबला की हे व्हाळ जसे झपाट्याने चढतात तसेच उतरतात. वाहत्या कचऱ्यावरही त्यांचा डोळा असे.

पण त्यांचा खरा भरवसा कानावर होता. फरशीवर वीतभर पाणी असतं तेव्हा ते खालच्या अंगाला धबाधबा पडतं, फेस होतो, लांबून आवाज येतो. नवखा माणूस त्या आवाजाला घाबरतो. पाणी आणखी वाढलं की खालच्या अंगाचं पाणीही फरशीएवढं वर येतं, उडी मारायला जागाच उरत नाही, आणि मग सगळं कसं सपाट, तेलकट, शांत दिसतं. काठाचे पांढरे दगडसुद्धा दिसेनासे होतात. आजोबा म्हणायचे, “बोंब मारता तवसर ठीक. गप झाला की उठाचा आणि घराक चलाचा.” परवा मी खिडकीची काच खाली करून ऐकलं. पाणी गप्प होतं. मी गाडी वळवली.

घोळक्यातल्या एकाने “एवढी मोठी गाडी आणि घाबरता काय?” असं विचारलंच. पण गाडी आकाराने मोठी आणि त्या मानाने हलकी असणं हीच तर अडचण आहे. साधी हॅचबॅक घ्या, वजन 900 किलोच्या आसपास. तिचा तळ जमिनीपासून सतरा-अठरा सेंटीमीटरवर. पाणी त्या तळाला लागलं की पुढच्या प्रत्येक दहा सेंटीमीटरला ते गाडीचं पाचेकशे किलो वजन स्वतःवर घेतं. म्हणजे फूटभर पाण्यात निम्म्याहून जास्त गाडी तरंगायला लागलेली असते आणि आपण आत स्टेअरिंग घट्ट धरून बसलेले. इंजिनामुळे पुढची बाजू जड, म्हणून आधी मागची चाकं सुटतात आणि शेपूट खालच्या अंगाला वळतं. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर धक्का चौपट होतो, हे वेगळंच. एसटी गेली म्हणून तिच्यामागे निघणाऱ्यांचं मला म्हणूनच हसू येतं. एसटीचं वजन आणि तिच्या तळाची उंची आपल्याकडे कुठून येणार? उलट ती जाताना जी लाट मागे सोडते, ती आपल्याच दारावर आपटते.

शाळेत असताना मात्र पाण्याशी आमचं काहीच वैर नव्हतं. डोंगर काळा झाला की गुरुजी वर्गात येऊन सांगायचे, “पलीकडच्यांनी दप्तरं भरा.” पलीकडची पोरं हसत सुटायची आणि आम्ही अलीकडचे गणितं सोडवत बसायचो. आपलं घर व्हाळाच्या योग्य बाजूला नाही, याचं मला फार वर्षं वाईट वाटत होतं.

दिवसा हे दगड, कचरा, आवाज सगळं चालतं. रात्री हेडलाइटच्या उजेडात पाणी आणि ओला डांबरी रस्ता सारखेच चमकतात, आणि त्या पाण्याखाली फरशी आहे असं आपण फक्त धरून चालतो. ओंडके अडकून खालचे नळ तुंबले की पाणी बाजूचा भराव खात जातं, आणि भराव गेला की फरशीही जाते. वरून काही कळत नाही. 2 ऑगस्ट 2016च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला. तो तर हायवेवरचा पूल, आमच्यासारखी दोन हातांची फरशी नव्हे. दोन एसट्या त्यात गेल्या. त्या दोन्ही ड्रायव्हरांपुढे थांबायचं की वळसा घालायचा, असा प्रश्न उभाच राहिला नव्हता.