३१ सेकंदांचा गुंता सुटला: कोणता गडगडाट कोणत्या विजेचा?

गेल्या नोंदीत मी वैतागून लिहिलं होतं की वादळ जोरात असलं की विजेचं अंतर काढायची आमची मोजणी कोलमडते. परवा रात्रीच्या वादळाने तो प्रश्न पुन्हा समोर आणून ठेवला, आणि या वेळी त्याचं उत्तरही हाती लागलं.

आधी काय बिघडत होतं ते सांगतो. तुरळक विजा असतात तेव्हा काहीच अडचण नसते. लखलखाट झाला की शून्य म्हणायचं (एक नव्हे! तिथेच साडेतीनशे मीटर चुकतात), आवाज आला की थांबायचं आणि सेकंदांना तीनने भागायचं, की किलोमीटर मिळाले. पण दर दहा-पंधरा सेकंदांनी वीज चमकत असेल आणि आवाजाला यायला अर्धा मिनिट लागत असेल, तर कानावर येणारा गडगडाट आत्ताच्या विजेचा नसतो, दोन-तीन विजांपूर्वीचा असतो. आपण मात्र तो हटकून शेवटच्या विजेच्या नावावर टाकतो.

परवाचेच आकडे घ्या. पहिली वीज चमकली तो शून्य सेकंद धरला, तर विजा ०, १४, २३, ४१ आणि ५० व्या सेकंदाला दिसल्या. गडगडाट सुरू झाले ३१, ४६, ५३, ७२ आणि ८१ व्या सेकंदाला. खिडकीत बसून मी पहिल्या तीन गडगडाटांना शेवटच्या विजेपासून ८, ५, ३ असं मोजलं. म्हणजे पावणेतीन किलोमीटरवरचं वादळ बावीस सेकंदांत एक किलोमीटरवर आलं! कुठलंही वादळ असं धावत नाही. ताशी ४० किलोमीटरने येणारं वादळसुद्धा मिनिटाला जेमतेम साडेसहाशे मीटर सरकतं. शिवाय एक किलोमीटरवरची वीज तडाखा दिल्यासारखी कडाडते, आणि मला ऐकू येत होता तो लांबवर जातं ओढल्यासारखा घरघराट. आकडे एक सांगत होते आणि कान दुसरंच. असं झालं की कानावर विश्वास ठेवावा, हे मी आता पक्कं ठरवलंय.

रात्री वादळाचा व्हिडिओ पुन्हा पाहताना एक साधी गोष्ट लक्षात आली. विजा घड्याळाच्या ठोक्यांसारख्या समान अंतराने चमकत नाहीत. १४, ९, १८, ९ अशी त्यांच्यामधल्या सेकंदांची स्वतःची लय असते. वादळ दोन मिनिटांत फारसं हलत नसेल, तर तीच लय गडगडाटांतही उमटायला हवी, फक्त उशिराने.

मग आलेखाच्या कागदाच्या दोन पट्ट्या कापल्या. प्रमाण एका सेकंदाला दोन मिलिमीटर. वरच्या पट्टीच्या खालच्या कडेला विजांच्या निळ्या रेघा, खालच्या पट्टीच्या वरच्या कडेला गडगडाटांच्या लाल रेघा. दोन्ही शून्यं जुळवली आणि निळी पट्टी हळूहळू उजवीकडे सरकवत गेलो. मध्येच दोन रेघा जुळायच्या, बाकीच्या तीन भलतीकडेच. असं दोन ठिकाणी झालं. ६२ मिलिमीटरवर आलो आणि पाचही निळ्या रेघा पाचही लाल रेघांवर येऊन बसल्या. दोन ठिकाणी जेमतेम दोन मिलिमीटरची फट, बाकी तिन्ही तंतोतंत. तो क्षण मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

६२ मिलिमीटर म्हणजे ३१ सेकंद. वहीत सगळ्या वजाबाक्याही करून पाहिल्या. गडगडाटाच्या वेळेतून त्याच्या आधीची प्रत्येक वीज वजा केली की २२ उत्तरं येतात. त्यांत ३० ते ३२ च्या मध्ये पाच, बाकी कुठेही दोनपेक्षा जास्त एकत्र येत नाहीत. बाहेर २६ अंश होते, म्हणजे आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४७ मीटर. त्यावरून अंतर आलं पावणेअकरा किलोमीटर. हे अंतर विजेच्या वाटेच्या आपल्याला सर्वांत जवळच्या भागापर्यंतचं आहे, हे लक्षात ठेवा. आवाज आधी तिथूनच पोचतो, आणि तो भाग उंच ढगात असेल तर जमिनीवरचं अंतर त्याहून कमी भरतं.

एका सेकंदाचा इकडेतिकडे फरक का पडला? लांबचा गडगडाट अलगद सुरू होतो, त्यामुळे त्याची सुरुवात नेमकी पकडता येत नाही. आणि प्रत्येक वीज ढगाच्या त्याच कोपऱ्यातून पडते असंही नाही. माझं नशीब की परवा पाचही एकाच भागातल्या असाव्यात. एरवी चार-पाच सेकंदांची पसरण मी धरून चालेन.

मर्यादाही सांगतो. पट्टी दोन मिनिटांपेक्षा लांब घेऊ नका, नाहीतर वादळच सरकतं आणि रेघा फाकतात. सरकवताना ६० सेकंदांच्या पुढे जायची गरज नाही, कारण वीसेक किलोमीटरपलीकडचा गडगडाट सहसा ऐकूच येत नाही. उंचावर हवा थंड असल्यामुळे आवाज वर वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो. आणि विजा अगदी ठराविक अंतराने चमकत असतील तर ही युक्ती फसते, कारण दोन-तीन ठिकाणी सारख्याच जुळण्या दिसतात.

साधनांबद्दल थोडं. फोनमधलं आवाज नोंदवण्याचं साधं अ‍ॅप यासाठी मला अजिबात पटलेलं नाही. ते बोलणं स्पष्ट करण्यासाठी बनवलेलं असतं, त्यामुळे खालच्या सुरातली घरघर गोंगाट समजून दाबून टाकतं आणि गडगडाटाची सुरुवात गिळतं. निदान आवाज-शुद्धीकरण बंद करता येईल असंच अ‍ॅप घ्या. लॅप बटण असलेलं स्टॉपवॉचही मी बाजूला ठेवलंय. दोन गोष्टी एकाच अंगठ्याने नोंदवताना वीज कोणती आणि आवाज कोणता हेच नंतर कळत नाही.

पुढच्या वादळाला दुसरा कॅमेरा लावायचा बेत होता. पण हे लिहितानाच तो बदलला. विजेबरोबर जुन्या रेडिओच्या मध्यम लहरींवर जी चरचर येते, ती लखलखाटाच्या क्षणीच येते. दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी रेडिओ लावायचा, त्याची चरचर डाव्या वाहिनीवर आणि माइकवरचा गडगडाट उजव्या वाहिनीवर नोंदवायचा. दोन्हींचं घड्याळ एकच! मग दिवसाउजेडी न दिसणाऱ्या विजाही पट्टीवर येतील. मला आधी भीती होती की शेकडो किलोमीटरवरच्या वादळांची चरचरही त्यात मिसळेल. पण मिसळली तरी काय? त्या रेघांना जोडीदार गडगडाट नसणार, त्या सगळ्या मिळून एकाच जागी सहसा जुळणार नाहीत.

ही मोजणी सगळी खिडकी बंद करून, घरात बसूनच करतोय. ३१ सेकंद आले तरी बाहेर जायचं नाही, कारण पुढची वीज दहा किलोमीटर अलीकडेही पडू शकते. माइकची तार खिडकीतून बाहेर न काढता आवाज कसा घ्यायचा, एवढंच अजून अडलंय. काचेला आतून चिकटवलेला माइक कुणी वापरून पाहिलाय का?